मदत हवी आहे: ग्रंथालयाच्या ईआर डायग्राममध्ये ‘इश्यू’ची की काय ठेवू?

डीबीएमएसच्या लेक्चरमधला उतारा असा: ‘एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतात. सभासद प्रत घरी नेतो. दर वेळी नेल्याची आणि परतीची तारीख नोंदवतात.’

पुस्तकाची प्रायमरी की आयएसबीएन घेतली. प्रत क्रमांक दर पुस्तकाला १ पासून सुरू होतो, म्हणून प्रत ही वीक एन्टिटी. तिची ओळख आयएसबीएन आणि प्रत क्रमांक मिळून. इथवर ठीक.

अडलंय पुढे. एका वेळी प्रत एकाच सभासदाकडे असते, म्हणून मैत्रीण एकास-अनेक म्हणते. पण जुन्या नोंदीही ठेवायच्या, तर अनेकास-अनेकच हवं ना? शिवाय तोच सभासद तीच प्रत पुन्हा नेणार (परीक्षेआधी तर हमखास), म्हणजे सभासद क्रमांक आणि प्रत एवढी की पुरत नाही. ‘इश्यू’ वेगळी एन्टिटी करून नेल्याची तारीख कीमध्ये घेऊ का? आणि त्याच दिवशी परत करून पुन्हा नेली तर?