प्रतिसाद: कार्ड दाखवतं ते आणि मनात असतं ते

> दर महिन्याला न चुकता येणारं गिऱ्हाईक निष्ठावान धरायचं का? त्याच्या किराण्यातला आपला वाटा कसा काढायचा?

नियमित येणं ही फक्त वर्तनातली निष्ठा. दुकान वाटेवर आहे, एवढंही कारण तिला पुरतं. शिवाय दुकानाच्या ग्राहक-कार्डावर तुमच्याकडचा खर्च दिसतो, एकूण नाही. म्हणून काही ग्राहकांना एकूण किराणा, दुकानं आणि त्यांचा आवडीचा क्रम विचारा. दूध-भाजी धरायची की नाही हे आधीच सांगा, नाहीतर आकडे फसतात.

समजा एका घराचा किराणा १२,००० रुपये, तुमच्याकडे ३,६००. वाटा ३०%. तीन दुकानांत तुमचा क्रम पहिला असेल, तर आवडीच्या क्रमावरून अपेक्षित वाटा काढणाऱ्या 'वॉलेट अ‍ॅलोकेशन रूल'चं सूत्र असं:

(१ − क्रम/(दुकानं+१)) × (२/दुकानं) = (१ − १/४) × २/३ = ५०%

म्हणजे आवड आहे, पैसा मात्र दुसरीकडे जातोय. बिलांत कोणता माल कधीच नसतो ते बघा. बहुतेकदा तिथेच उत्तर सापडतं. उलट, क्रम तिसरा आणि वाटा ५०% असेल तर ती निव्वळ सोय. शेजारी नवं दुकान उघडलं की असं गिऱ्हाईक सर्वांत आधी जातं. मात्र सूत्र गटाच्या सरासरीला बरं चालतं, एकेका घरावर फार विसंबू नका.