मे महिन्यात चिखलदरा: गाडीचा किलोमीटरचा आकडा कशाने हलतो

वैभव (ए-३०२): नमस्कार मंडळी. ईव्हीवाल्यांना एक विचारायचं होतं. शनिवारी आम्ही चौघं चिखलदऱ्याला चाललो. जानेवारीत फुल चार्जवर गाडी ३३० किमी दाखवत होती, आता तीच गाडी २५० दाखवून राहिली. चिखलदरा आपल्या नागपूरहून अमरावती-परतवाड्यावरून साधारण २३५ किमी आहे. बॅटरी गेली का हो?

बोबडे काका (बी-१०४): उन्हात उभी राहते ना दिवसभर. वॉरंटीत आहे तोवर दाखवून घे बाबा.

प्राजक्ता ताई (सी-५०४): काका, चार महिन्यांत बॅटरी एवढी नाही उतरत. मी रोज बॅटरी टेस्टिंगचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वैभव, तुझ्या गाडीत वापरता येण्यासारखे साधारण ४० युनिट आहेत. वीजबिलातलं युनिट, तेच हे. पुढे किती किमी जाशील हे गाडीला माहीत नसतं. ती फक्त भागाकार करते: बॅटरीत उरलेले युनिट भागिले मागच्या काही किलोमीटरमधला सरासरी खर्च. जानेवारीत तुला १०० किमीला १२ युनिट लागत होते, म्हणून ३३०. आता १६ लागून राहिले, म्हणून २५०. युनिट तेव्हाही ४० होते, आताही ४०च आहेत. बदललाय तो खर्च.

वैभव (ए-३०२): पण ताई, रस्ता तोच, मनीषनगर ते सिताबर्डी. चार युनिट जास्त जाऊन राहिले कुठे?

प्राजक्ता ताई (सी-५०४): एसीत. उन्हात तापलेली गाडी थंड करताना पहिली दहा-पंधरा मिनिटं एसी दोन-तीन किलोवॉट ओढतो, मग खाली येतो. सरासरी एक किलोवॉट धर. सिग्नल-गर्दी धरून शहरात तुझा वेग पडतो तासाला २५ किमी, म्हणजे १०० किमीला चार तास. चार तास एक किलोवॉट, झाले चार युनिट. एसी किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. म्हणून गाडी जितकी हळू, तितका दर किलोमीटरमागे एसीचा वाटा मोठा.

हेच हायवेवर बघ. ८०च्या वेगाने १०० किमी सव्वा तासात होतात, एसीला सव्वा युनिट पुरतं.

देशमुख काकू (ए-१०१): मग एसी बंद ठेवला तर चालेल की. आमच्या वेळी कुठे होता एसी!

प्राजक्ता ताई (सी-५०४): काकू, ४५ डिग्रीत बंद नका ठेवू, लेकरं आहेत सोबत. हायवेवर त्याने फार काही वाचतही नाही. हां, निघायच्या आधी चार्जर लावलेलाच असताना गाडी थंड करून घेतली, तर तो पहिला मोठा खर्च घरच्या विजेवर जातो. ते मात्र नक्की कर वैभव.

कुलकर्णी (बी-४०३): म्हणजे उन्हाळ्यात बॅटरीला काहीच होत नाही?

प्राजक्ता ताई (सी-५०४): होतं, पण रेंजमध्ये ते कमी दिसतं. गरम बॅटरी वीज द्यायला तयार असते, उलट तिला थंड ठेवायला गाडीला थोडी वीज घालवावी लागते. खरा फरक फास्ट चार्जिंगला दिसेल. भर दुपारी हायवेवरून येऊन लगेच गन लावली तर पंख्याचा मोठा आवाज येतो आणि चार्जिंगचा वेग गाडी स्वतःच कमी करते. थंडीत याच्या उलट. सेलमधला अंतर्गत रोध वाढतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जी वीज परत बॅटरीत जाते ती घ्यायला थंड सेल कुरकुर करतात. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे ८-१० डिग्रीत ते थोडंफार जाणवतं. बर्फाच्या देशात तर रेंजचा मोठा हिस्सा यात आणि हीटरमध्ये जातो.

वैभव (ए-३०२): बरं, मग हायवेवर किती धरू? तिथे रेंज पडते म्हणतात सगळे.

प्राजक्ता ताई (सी-५०४): वेगावर आहे. टायर रस्त्यावर घासण्याचा खर्च वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०चे १०० केले तर वेग सव्वापट, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. तुझ्यासारख्या उंच गाडीला, चौघं बसलेले आणि एसी चालू धरून, माझा हिशेब असा येतो: ८०ला १०० किमीमागे साधारण साडेचौदा युनिट, १००ला सव्वाअठरा. म्हणजे फुल चार्जवर एकदा २७५ आणि एकदा २२० किमी.

यातली गंमत बघ. ८०ने गेलास तर घरी दिसतात त्या २५० पेक्षा जास्त चालेल, आणि १००ने गेलास तर कमी. मे महिन्यात शहरातला आकडा एसीमुळे आधीच दबलेला असतो ना.

कुलकर्णी (बी-४०३): आणि ब्रोशरमध्ये लिहितात तो मोठा आकडा?

प्राजक्ता ताई (सी-५०४): तो ठरलेल्या ड्रायव्हिंग सायकलवर, रोलरवर गाडी चालवून काढतात. त्यात वेग ९०च्या वर जात नाही, बराचसा भाग हळू शहरी चालीचा असतो, आणि एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला ठीक. चिखलदऱ्याचा बेत त्यावर आखू नये.

सुमित (सी-२०१): ताई, मी मागच्या मे मध्ये दुपारी अमरावतीला गेलो तेव्हा ८०लाच चालवत होतो तरी बॅटरी भरभर उतरत होती. येताना मात्र मस्त आलो.

प्राजक्ता ताई (सी-५०४): समोरचा वारा, सुमित. अमरावती आपल्या पश्चिमेला, आणि उन्हाळ्याच्या दुपारी वारा बहुतेक पश्चिमेकडून-वायव्येकडून येतो. २० किमीचा वारा समोरून असला की स्पीडोमीटरवर ८० दिसतात, पण गाडीचं तोंड हवेला १००ने कापत असतं. हवेचा खर्च शंभरच्या वेगासारखाच. येताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. वैभव, म्हणून पहाटे पाचला निघ. वारा पडलेला असतो, एसीलाही आराम.

वैभव (ए-३०२): हाव ताई, पाचलाच निघतो. मग अमरावतीला न थांबता पोचतो का वर?

प्राजक्ता ताई (सी-५०४): कागदावर पोचतोस, पण तसं जाऊ नको. बघ: अमरावती १५५ किमी, ८०ने साडेबावीस युनिट. पुढे परतवाड्यापर्यंत ५० किमी, वेग थोडा कमी धरून पावणेसात युनिट. उरला घाट, साधारण ३० किमी.

घाटाचं गणित वेगळं करावं लागतं. परतवाड्यापासून चिखलदरा साडेसातशे मीटर उंच धर. गाडी, चौघं आणि सामान मिळून १९०० किलो. एवढं वजन तेवढं वर उचलायला सुमारे १ कोटी ४० लाख ज्यूल लागतात. ३६ लाख ज्यूल म्हणजे एक युनिट, तेव्हा झाले ३.९. मोटर आणि इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून जातील साडेचारच्या आसपास. शिवाय ३० किमी चालायचा नेहमीचा खर्च तीन युनिट. एकूण साडेसात. सगळी बेरीज पावणेसदतीस युनिट, ४० पैकी. उरतात सव्वातीन. वाऱ्याने किंवा एखाद्या डायव्हर्शनने तेवढं सहज खाल्लं जाईल. अमरावतीला नाश्ता होईपर्यंत गाडी ८० टक्क्यांवर ने, म्हणजे ३२ युनिट.

देशमुख काकू (ए-१०१): आणि घाटात मध्येच बंद पडली तर? मला तर त्याचीच धाकधूक.

प्राजक्ता ताई (सी-५०४): काकू, घाबरायला होईल ते आकड्याने, म्हणून आधीच सांगून ठेवते. परतवाड्याला गाडीत २५ युनिट असतील आणि स्क्रीन १७० किमीच्या आसपास दाखवेल. घाट चढताना खर्च १०० किमीला २५ युनिटवर जातो, आणि तो सरासरीत मिसळला की गाडी समजते पुढेही असंच चढायचं आहे. वर पोचेपर्यंत आकडा ८०-९० वर आलेला असेल. चालले ३० किमी, उडाले ८० किंवा जास्त. नेमके किती उडतील हे गाडी मागचे किती किमी सरासरीत धरते त्यावर ठरतं, आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. नेव्हिगेशनमध्ये रस्ता टाकला की काही गाड्या पुढचा चढही हिशेबात घेतात, तिथे एवढी उडी दिसत नाही.

तेव्हा घाटात किमीकडे बघू नको वैभव, टक्क्यांकडे बघ. साडेसात युनिट म्हणजे १८-१९ टक्के. तेवढेच गेले तर सगळं ठीक आहे.

बोबडे काका (बी-१०४): आणि उतरताना?

प्राजक्ता ताई (सी-५०४): उतरताना उलटी फसगत, काका. उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज परत बॅटरीत टाकते. ती कमाई टायरच्या, हवेच्या आणि एसीच्या खर्चात फिटते, त्यामुळे वर जितके टक्के होते जवळपास तितकेच खाली परतवाड्याला राहतात. म्हणजे चढ-उतार मिळून घाटाचा जादा खर्च फक्त एक-दीड युनिट. हे मला स्वतःला फार आवडतं, पेट्रोलच्या गाडीला हे कधी जमलं नसतं.

पण खर्च शून्याजवळ आला की भागाकार फुगतो. खाली १८ युनिट असताना स्क्रीन २५० किमीही दाखवेल. सपाट हायवेवर ते खरे १२०-१२५ आहेत. त्या अडीचशेवर विश्वास ठेवून अमरावतीचं चार्जिंग टाळलं, तर नागपूरच्या अलीकडेच थांबावं लागेल.

सुमित (सी-२०१): पण ताई, टक्के तरी बरोबर असतात का? माझी २० वरून एकदम १४ वर आली होती.

प्राजक्ता ताई (सी-५०४): तुझी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी आहे. टाकीत फ्लोट असतो तसं बॅटरीत काही नसतं. आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहायचं आणि अधूनमधून व्होल्टेजशी ताडून बघायचं, असे टक्के काढतात. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे ताडून बघायला जागाच मिळत नाही आणि बारीक चुका साचत जातात. तू कायम ८० लाच थांबवतोस ना? मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याप्रमाणे मधूनमधून पूर्ण १०० करत जा, तिथे मोजणी पुन्हा जागेवर येते. वैभव, तूही शुक्रवारी रात्री १०० कर.

आणि निघताना ट्रिप मीटर शून्य करायला विसरू नको. कोंढाळी साधारण ५० किमीवर आहे. तिथे १८ टक्के गेले असतील तर माझा हिशेब तुझ्या गाडीला लागू आहे. २२-२३ गेले असतील तर एक तर वेग जास्त आहे, नाहीतर वारा समोर आहे, नाहीतर टायरमध्ये हवा कमी आहे. तसं असेल तर अमरावतीला ८० ऐवजी ९० टक्के कर.

वैभव (ए-३०२): लिहून घेतलं सगळं. हॉटेलवाले म्हणाले रात्री १५ अ‍ॅम्पिअरचा सॉकेट देतो. वर फुल करूनच उतरतो मग.

प्राजक्ता ताई (सी-५०४): फुल नको. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रीजेन, म्हणजे ती वीज परत घेणं, बंद करते किंवा अगदी कमी करते. मग अख्खा घाट साध्या ब्रेकवर उतरावा लागतो, ते तापतात, आणि वाटेतली वीज फुकट जाते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर नेहमीसारखी ओढ लागत नाही, तेव्हा समज की रीजेन नाहीये. ८५-९० टक्क्यांवर काढ. १५ अ‍ॅम्पिअरवर तासाला जेमतेम तीन युनिट जातात, त्यामुळे रात्री बाराला लावलीस तर सकाळी सहापर्यंत साधारण तेवढीच भरेल.

वैभव (ए-३०२): मग टायरची हवा उद्याच बघून घेतो. ताई, कोंढाळीहून टक्के इथेच टाकतो.