मदत हवी आहे: 'शब्बात शालोम'ला उत्तर काय द्यायचं?

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे आम्ही तीन महिन्यांपासून इस्रायलमध्ये अश्दोदला राहतोय. शेजारच्या आजी फक्त हिब्रू बोलतात. शुक्रवारी दुपारी जिन्यात भेटल्या, तेव्हा मी 'शब्बात शालोम' म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, 'शब्बात शालोम उमेवोराख'. शांतीचा आणि आशीर्वादाचा शब्बाथ, एवढा अर्थ नंतर कळला. पण तेव्हा मी नुसतीच मान डोलावली, ते मनाला लागून राहिलंय.

पुढच्या वेळी त्यांनीच आधी म्हटलं, तर तेच शब्द परत म्हणायचे की मीही 'उमेवोराख' जोडायचं? शनिवारी तारे दिसले की शब्बाथ संपतो आणि 'शावुआ तोव', म्हणजे चांगला आठवडा, असं म्हणतात. त्यालाही तेच उत्तर चालतं का? इथल्या बेने इस्रायली मराठी मंडळींनी कृपया सांगावं.