शब्दचर्चा: पूर्वनिर्णय, पायंडा की रुलिंग?

विद्यार्थिनी, कायद्याचं पहिलं वर्ष, यवतमाळ: पुस्तकात ‘पूर्वनिर्णय’ आहे, कोर्टात सगळे ‘रुलिंग’ म्हणतात आणि घरी बाबा ‘पायंडा’ म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि आधीच्या न्यायाधीशाचा निकाल नंतरच्याने का पाळायचा? त्याने स्वतः विचार करायचा नाही का?

निवृत्त गुरुजी, आर्वी: पायंडा हाच आपला शब्द. एकदा जसं झालं तसंच पुढे करायचं. सर्वोच्च न्यायालयाने एका मुलीला शेतात वाटा दिला, की सगळ्या मुलींना द्यायचा.

वकील, पुसद: गुरुजी, अर्धं बरोबर आहे. पायंडा कोणीही पाडतो आणि कोणीही मोडतो. पूर्वनिर्णय मोडायची मुभा तालुका कोर्टाला नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांना बंधनकारक आहे, असं घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदातच म्हटलं आहे. शिवाय बांधतं ते ‘मुलीला वाटा मिळाला’ हे फळ नव्हे; तो ज्या कायदेशीर कारणामुळे मिळाला, ते कारण बांधतं.

बेटा, हे मुलींच्या वाट्यावरूनच बघ. हिंदू वारसा कायदा बदलला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. मग प्रश्न आला, बाप त्या तारखेआधीच वारला असेल तर? २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात दोन न्यायाधीश म्हणाले, त्या दिवशी बाप आणि मुलगी दोघंही हयात हवेत. २०१८ मध्ये दानम्मा खटल्यात बाप २००१ लाच वारला होता, तरी दुसऱ्या दोन न्यायाधीशांनी मुलींना समान वाटा दिला. पण फुलवतीतलं म्हणणं चूक आहे, असं त्यांनी म्हटलं नाही.

आता तालुक्याच्या न्यायाधीशाने काय करावं? भावाचा वकील फुलवती दाखवतो, बहिणीचा दानम्मा. एकाच शिवारातल्या दोन बहिणी, दोघींचे बाप एकाच साली वारलेले, आणि एकीला वाटा मिळतो, दुसरीला नाही. असं होऊ नये म्हणूनच आधीचा निर्णय पाळायचा असतो. न्यायाधीशाने विचार करायचाच, पण आपल्यासमोरचा खटला त्या कारणात बसतो का, याचा.

दोन न्यायाधीशांचं पीठ आधीच्या दोघांचा निर्णय रद्द करू शकत नाही, प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा लागतो. म्हणून तो तीन न्यायाधीशांपुढे गेला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात त्यांनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे २००५ मध्ये बाप जिवंत असायची गरज नाही. फुलवती रद्द झाला. दानम्मा मात्र या निर्णयाशी विसंगत असेल तेवढाच.

वाचक, दारव्हा: वकील साहेब, मले रुलिंग-बिलिंग समजत नाही. माह्यं लग्न १९९० चं, बाप १९९८ मध्ये गेला, माय त्याच्या आधीच. दोन भाऊ हायेत, बापजाद्याचं ९ एकर शेत. आता मले मिळते का?

वकील, पुसद: ताई, वाटणी झालेली नसेल तर आज तिसरा हिस्सा, म्हणजे ३ एकर. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या होत्या. फुलवतीप्रमाणे शेतात वडील आणि दोन भाऊ असे तीनच हिस्सेदार धरले असते आणि वडिलांच्या ३ एकरांतून तुम्हाला वारस म्हणून १ एकर आला असता. कायद्याची तारीख तीच, पण निर्णय बदलला आणि १ चे ३ झाले.

वाचक, दारव्हा: पण वाटणी झाली म्हणतात भाऊ. तोंडीच. १९९९ पासून सातबारे वेगळे हायेत.

विद्यार्थिनी: मग तर विनीता शर्मा लागूच होणार नाही ना?

वकील, पुसद: घाई नको. २० डिसेंबर २००४ च्या आधीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी टिकते. तोंडी वाटणीचा बचाव सहसा मानायचा नाही, असं त्याच निर्णयात आहे. मात्र सार्वजनिक दस्तांनी ती भक्कम सिद्ध होत असेल तर अपवादाने मानता येते. फेरफार महसुली नोंद आहे. तेवढ्याने ताईंचा हक्क जात नाही, असं मला वाटतं.

ज्युनिअर वकील, पांढरकवडा: सर, मला इतकी खात्री नाही. सातबारा सरकारी कागद आहे आणि इतकी वर्षं वेगळी वहिवाट आहे. भावाचा वकील त्याच अपवादावर उभा राहील. आमच्याकडे तर लोक आदिलाबादकडचे निकालही आणून दाखवतात.

वकील, पुसद: तेलंगणा उच्च न्यायालयाचं म्हणणं आपलं कोर्ट ऐकेल, पटलं तर घेईल, पण बांधील नाही. औरंगाबाद खंडपीठाचा निर्णय मात्र पुसदला नागपूरच्या निर्णयाइतकाच बांधतो, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयच. अपवादाबद्दल तुझं म्हणणं खोडून काढणारं माझ्याकडे आत्ता काही नाही. ताई, १९९९ चा फेरफार कोणत्या अर्जावर झाला आणि त्यावर तुमची सही आहे का, ते आधी काढून आणा.

निवृत्त गुरुजी, आर्वी: म्हणजे शब्द ‘पूर्वनिर्णय’च ठेवावा. तरी ‘रुलिंग’ कोर्टातून जाणार नाही, असं दिसतं.