मदत हवी आहे: वजनाच्या तक्त्यात सरासरी ६७ का दाखवते?

सकाळचा_चहा
गूगल शीट्समध्ये वजनाची नोंद ठेवते. A मध्ये तारीख, B मध्ये वजन, C मध्ये सात दिवसांची सरासरी, D मध्ये चाललो की नाही याचा चेकबॉक्स. या आठवड्याचे आकडे: ७८.४, ७८.९, ७८.१, ०, ७८.६, ७८.३, ७८.०. चौथ्या दिवशी प्रवासात होते म्हणून शून्य टाकलं. सरासरी ६७.२ येते आणि आलेखात मोठा खड्डा पडतो. शीट्समधलं मला बेरजेपलीकडे काही येत नाही.

पेठकर
रात्रीचा भात बंद करा, महिन्यात फरक दिसेल. माझं तसंच झालं.

सकाळचा_चहा
काका, वजन नाही, तक्ता बिघडलाय :)

रानवारा
सरासरीचा कॉलमच नको. आलेखात ट्रेंडलाइन घ्या, प्रकार मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, कालावधी ७. झालं.

आकडेमोड
रेष येईल, पण तिचे आकडे तक्त्यात येत नाहीत, आणि शून्याचा खड्डा तसाच राहतो. ताई, शून्य हेही शीट्सला वजनच वाटतं, म्हणून सहा दिवसांच्या बेरजेला सातने भागलं जातं. ते पुसून घर रिकामं ठेवलंत की AVERAGE त्याला वगळतं आणि ७८.४ येतात.

पण एखाद्या दिवसाची ओळच लिहिली नाही, तर मागच्या सात ओळी म्हणजे सात दिवस राहत नाहीत. म्हणून मी ओळी न मोजता तारखा पाहतो. C8 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=AVERAGEIFS(B:B,B:B,">0",A:A,">"&A8-7,A:A,"<="&A8)
```

आठवड्याच्या गोषवाऱ्यासाठी G2 मध्ये सोमवारची तारीख, G3 मध्ये `=G2+7`. शेजारी H2 मध्ये सरासरी, I2 मध्ये किती दिवस चाललात ते:

```
=AVERAGEIFS(B:B,B:B,">0",A:A,">="&G2,A:A,"<"&G2+7)
=COUNTIFS(D:D,TRUE,A:A,">="&G2,A:A,"<"&G2+7)
```

#DIV/0! आलं तर तारखा तपासा. घरात डावीकडे चिकटलेली तारीख बहुधा नुसता मजकूर असते.

आलेखाला A, B, C निवडून लाइन चार्ट घ्या. B चे नुसते ठिपके ठेवा, रेष फक्त C ची. उभा अक्ष ७६ ते ८० करा, नाहीतर अर्ध्या किलोची उतरण दिसणारच नाही.

सकाळचा_चहा
जमलं! ७८.४ आले. पण मागे एका लग्नाच्या जेवणानंतर वजन एकदम किलोभर वर गेलं होतं. आठवड्याने सरासरी अचानक खाली आली, त्या दिवशी मी वेगळं काहीच केलं नव्हतं.

आकडेमोड
एका दिवसाचा जास्तीचा किलो सरासरीत साधारण १४० ग्रॅम भरतो. तो दिवस खिडकीतून बाहेर पडला की तेवढेच उतरतात. शिवाय ही सरासरी तीनेक दिवस मागेच चालते, कारण तिचा मध्य तिथे असतो. म्हणून मी रोजची सरासरी पाहत नाही, सोमवारच्या दोन आकड्यांची तुलना करतो.

रानवारा
मग चौदा दिवसांची का नको?

आकडेमोड
रेष गुळगुळीत होईल, पण वळण कळायला अजून उशीर. नवख्याला सातच बरी, असं माझं मत.

पेठकर
माझा काटा गावाकडच्या काट्यापेक्षा दीड किलो कमी दाखवतो. दोन्हीकडच्या नोंदी एकाच तक्त्यात कशा घ्यायच्या?