‘देखरेख ठेवते’ म्हणजे नेमकं काय करते?

> ‘लेखापरीक्षण समिती आर्थिक बाबींवर देखरेख ठेवते’ हे आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालातलं वाक्य अजून सोपं कसं करू?

वाक्य सोपंच आहे हो, पण पोकळ आहे. समिती ठरवते, शिफारस करते की नुसती माहिती घेते, हे त्यातून कळत नाही. समितीची कार्यकक्षा आणि वर्षभराची इतिवृत्तं शेजारी ठेवून वाचा. मग समजा असं लिहिता येईल: ‘लेखापरीक्षकाचं नाव समिती सुचवते, नेमणूक सर्वसाधारण सभा करते. यंदा समितीच्या ४ बैठका झाल्या.’

कार्यकक्षेत आहे पण इतिवृत्तात कुठेच नाही, असं काम ‘केलं’ म्हणून छापू नका. आणि खजिनदारच समितीचा अध्यक्ष निघाला, तर तो स्वतःचेच हिशेब तपासतोय. ते शब्द बदलून सुटणार नाही, कार्यकारिणीकडेच न्यावं लागेल.