फोटोवरून चारकोल पोर्ट्रेट: कागदाचा पोत चेहऱ्यावर सगळीकडे हवा का?

मीनल_ठाणे
आजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो आहे. उजेड एका बाजूने, दुसरा गाल अंधारात. तो चारकोलने काढल्यासारखा करून ए४ वर प्रिंट करायचाय. गिंपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केला, वर खरखरीत कागदाच्या स्कॅनचा लेयर Multiply मोडमध्ये टाकला. लांबून ठीक वाटतं, जवळून मात्र फोटोवर जाळी अंथरल्यासारखं दिसतं, आणि कपाळावरचा उजेड मळकट झालाय. भावाचं मत, पोत सगळीकडे सारखा आहे हीच गोची आहे. मला पटत नाही. कागद एकच आहे ना, मग पोत वेगवेगळा कसा असेल?

खटपट्या
एवढे लेयर-बियर कशाला? ImageMagick टाका, एका ओळीत काम:

```
magick ajoba.jpg -charcoal 2 ajoba-charcoal.png
```

आकडा वाढवला की रेघा जाड. हे नको असेल तर लेयरची कॉपी करा, ती Invert करा, Gaussian Blur द्या आणि मोड Dodge. तेही पाच मिनिटांत होतं. घरच्यांना आजोबा ओळखू आले म्हणजे झालं.

रेखामास्तर
खटपट्या, ओळखू येतील, पण तो चारकोल नव्हे. ती कमांड फोटोतल्या कडा शोधते आणि कडांच्या रेघा करते. Dodge वाली युक्तीही तशीच: जिथे टोन सपाट, तिथे सगळं पांढरं. म्हणजे आजोबांचा अंधारातला गाल, जो सगळ्यात काळा हवा, तोच पांढराफटक पडणार. पेन्सिल स्केचला ते चालून जातं. चारकोलमध्ये मात्र सावलीच्या ढिगातून चेहरा बाहेर येतो, रेघ शेवटी येते.

मीनल, कागद एकच, पण कोळसा त्यावर बसतो तीन तऱ्हांनी. हलक्या हाताने कांडी फिरवली तर कोळसा फक्त उंचवट्यांवर चिकटतो, खळगे पांढरे राहतात, तिथे पोत भरपूर दिसतो. दाबून ओढली की खळगेही भरतात आणि पोत जवळजवळ संपतो. जिथे कोळसा लागलाच नाही, तिथे नुसता कागद. Multiply ला यातलं काही कळत नाही. तो सगळ्यावर सारखी काळपट छटा चढवतो, म्हणून कपाळ मळलं.

असं करा. आधी फोटोला तीन-चार पिक्सेलचा Blur द्या, कातडीची छिद्रं आणि फोटोचे जुने दाणे गेले पाहिजेत. पोताच्या स्कॅनचा सरासरी करडेपणा १२८ च्या आसपास आणा, चढउतार त्याच्या वर-खाली साधारण पन्नास-पन्नासचा ठेवा. त्याचा मोड Grain merge. हा मोड दोन लेयरच्या किमतींची बेरीज करून १२८ वजा करतो, बाकी काही नाही. मग New from Visible करून त्या नव्या लेयरवर Levels लावा: डावा आकडा ६०, उजवा १९०.

आता आजोबांचंच घ्या. उजेडातलं कपाळ २१० असेल तर पोत मिळून ते १६० ते २५५ पसरतं. १९० च्या वरचं सगळं Levels कोरा कागद करून टाकतं, उरतात फक्त तुरळक करडे ठिपके. गालाचा मधला टोन १२५ धरा, तो ७५ ते १७५ मध्ये फिरतो, तिथे पोत पूर्ण उठून दिसतो. अंधारातली बाजू ४० ची. ती ९० च्या वर जातच नाही, बरीचशी ६० च्या खाली, म्हणजे ठार काळी. पोत आधी, Levels नंतर. उलटं केलंत की पुन्हा जाळी.

वामनकाका
माझ्या अनुभवाने फिक्सेटिव्ह जरूर मारावं, एक फूट लांबून, दोन हलके हात. नाहीतर काचेला कोळसा लागतो. आमच्या वडिलांच्या चित्राचं तसंच झालं, नाक गेलं.

मीनल_ठाणे
काका, हा प्रिंट आहे हो, नाक शाबूत राहील 🙂

मास्तर, करून बघितलं. कपाळ एकदम मोकळं झालं! पण अंधारातला गाल आणि मान अजून टोचतात. तिथे ६० च्या वरचे दाणे चमकताहेत, वाळू शिंपडल्यासारखे.

कोळसाकांडी
टोचणारच, कारण तिथे बोट फिरलेलं नाही. मास्तरांनी दाबाचं गणित सांगितलं, घासण्याचं राहिलं. बोटाने किंवा स्टंपने सावली घासली की उंचवट्यांवरची पूड खळग्यांत जाऊन बसते आणि सगळा भाग धुरकट, एकसारखा होतो. तिथे पोत हवाच कशाला? New from Visible चा लेयर उडवा, खालच्या पोताच्या लेयरला मास्क लावा आणि गालाचा खड्डा, कानशील, मान इथे मऊ ब्रशने गडद करडा फिरवा. कडाही विरघळू द्या: मान कुठे संपली आणि कॉलर कुठे सुरू झाली, हे कळलं नाही तरी चालेल. भुवया, नाकपुडी, मिशा आणि कॉलरची घडी मात्र मास्कमधून वगळा. घासून झाल्यावर वरून ताज्या कांडीने मारलेले हात असतात ते, तिथे दाणा दिसलाच पाहिजे. मास्क झाला की New from Visible आणि Levels पुन्हा करा.

खरं मत विचाराल तर हे सगळं करेपर्यंत हातात कांडी घेऊन चित्र काढून होतं.

चित्रवेडा
सगळ्यांनी घासण्याची सक्ती का चालवलीय? जॉर्ज स्युराची चारकोल बघा. आमाँ-जाँचं पोर्ट्रेट, १८८२-८३ चं, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चेहऱ्यापासून पार्श्वभूमीपर्यंत सगळीकडे दाणा आहे. मीनलताईंचं मूळ म्हणणं बरोबरच होतं.

रेखामास्तर
ते चारकोल नव्हे, काँते क्रेयॉन. ती कांडी मेणचट असते, घासली तरी कोळशासारखी पसरत नाही. कागदही जाड दाण्याचा, मिशाले नावाचा. पण तुमचा मुद्दा अर्धा मान्य: न घासता सगळीकडे दाणा ठेवून उत्तम पोर्ट्रेट होतं. फक्त तिथेही दाणा सारखा नाही, दाबाप्रमाणे कमी-जास्त होतो. मीनलना घासलेली सावली हवी असेल तर कोळसाकांडीचं ऐका.

कोळसाकांडी
आणि हायलाइटचं कोणीच बोललं नाही. नाकाचं टोक, खालच्या ओठावरचा उजेड, पांढरी मिशी, हे घासलेल्या करड्यातून पुट्टी रबराने उचलतात. रबर आधी उंचवट्यांवरची पूड उचलतं, खळग्यांतली राहते. म्हणजे दाणा उलटा होतो: हलक्या रेघेत उंचवटे काळे, उचललेल्या जागी उंचवटे पांढरे. फिल्टरवाल्यांना हे जमत नाही, म्हणून त्यांचा हायलाइट पांढरा रंग लावल्यासारखा दिसतो.

रेखामास्तर
जमतं की. पोताच्या लेयरची कॉपी Invert करा, काळा मास्क लावा आणि फक्त त्या जागी पांढऱ्या ब्रशने उघडा. मूळ पोताचा मास्क तिथे काळा करा, नाहीतर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. उचललेली जागा कोऱ्या कागदाइतकी पांढरी करू नका, जराशी करडी ठेवा. पण रबर फक्त उंचवट्यांवरचंच उचलतं, हे मला मान्य नाही. मऊ करून दाबलं की ते खळग्यातही शिरतं. टोकदार करून मिशीचा केस काढला तर तिथे दाणा उलटा वगैरे काही दिसत नाही.

कोळसाकांडी
पातळ कागदावर नसेल दिसत. हातकागद घ्या, मग बोलू.

खटपट्या
हातकागदावरून आठवलं. मीही एकदा असला पोत घातलेला फोटो खरखरीत हातकागदावरच प्रिंट करून घेतला. छापलेला दाणा एक आणि कागदाचा खरा दाणा दुसरा, सगळं चेहऱ्यावर पुरळ उठल्यासारखं.

मीनल_ठाणे
म्हणजे गुळगुळीत मॅट कागद घ्यायचा? आणि स्कॅन ३०० डीपीआयचा आहे, प्रिंटही ३०० चाच. पोत लहान-मोठा करू का?

रेखामास्तर
मॅटच घ्या. पोत आहे त्याच मापात ठेवा. ताणून मोठा केलात की आजोबांचं डोकं पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर काढल्यासारखं दिसेल.

कोळसाकांडी
डोळ्यातला चमकता ठिपका रबराने उचललेला दाखवू नका हं. बुबुळाचा काळा दाबून, कॉम्प्रेस्ड चारकोलने भरतात, तो रबराने धड निघत नाही. तिथे कागद कोरा सोडतात.

चित्रवेडा
किंवा पांढऱ्या खडूचा ठिपका देतात.

कोळसाकांडी
खडू करड्या कागदावर. यांचा कागद पांढरा आहे.